आधी घडलं म्हणून कारण

पहिल्या दोन वेळा नापास झाले तेव्हा मी रडले होते. तिसऱ्या वेळी आई रडली. चौथ्या वेळेपासून आमच्या घरात कुणीच रडेनासं झालं. निकालाची यादी मोबाईलवर उघडायची, आपला नंबर शोधायचा, सापडला नाही की मोबाईल उलटा ठेवायचा आणि पोळ्या लाटायला घ्यायच्या. बाबा शाळेत कारकून होते, आता निवृत्त झालेत. ते फक्त विचारायचे, "लागला का?" मी म्हणायचे, "लागला." पुढचं त्यांना कळायचं. लोकांना वाटायचं, पोरगी धीराची आहे. धीर कसला आलाय, मला काही वाटायचंच बंद झालं होतं. एका अंगावर फार वेळ झोपलं की हात जसा बधिर होतो, तसं माझं सगळ्याच बाबतीत झालं होतं.

ही हकिगत माझ्या शेवटच्या परीक्षेची आहे. माझं वय तेव्हा सदतीस होतं, आणि लोकसेवा आयोगाच्या हिशेबी खुल्या वर्गातली बाई अडतीसला संपते.

भिवंडीत मी ज्या अभ्यासिकेत बसायचे तिच्या खाली लूमचे, म्हणजे यंत्रमागांचे, शेड होते. दिवसभर खालून तो खटखटाट यायचा, टेबलावर पेन ठेवलं तर ते हळूहळू कडेला सरकायचं. नवीन आलेली मुलं कानात बोळे घालायची. जुन्यांना लूम बंद पडले की अभ्यास सुचायचा नाही. मी जुन्यांतली. सकाळी एका क्लासमध्ये दहावीच्या मुलांना इतिहास शिकवायचा आणि अकरापासून संध्याकाळपर्यंत इथे बसायचं, असा माझा दिनक्रम होता.

तिथेच ती भेटली. जवळच्या खारबाव गावची मुलगी, पंचविशीतली. घरची खाडीकाठची जमीन, त्यातली बरीचशी गोदामांना दिलेली, त्यामुळे खायलाप्यायला कमी नव्हतं. नोकरीची तिला गरज नव्हती, असं तिच्या घरचे म्हणायचे. ती मला ताई म्हणायची. पहिल्याच दिवशी माझ्यासमोर बसून म्हणाली, "ताई, इतिहासात मना गुणच पडत न्हाय. वाचते तवा सगला समजतंय, पेपरात जाते नि चारी पर्याय खरेच वाटतात."

मी म्हटलं, "मग खरा शोधायला जाऊच नकोस. खोटे शोध."

त्यातून आमचा एक खेळ सुरू झाला. आम्ही त्याला गाळणी म्हणायचो. एकीने प्रश्न आणि पर्याय वाचायचे, दुसरीने कुठला पर्याय चूक आहे आणि का, एवढंच सांगायचं. बरोबर उत्तर तोंडातून काढायला बंदी. काढलं तर खालचा चहा तिच्याकडून. सुरुवातीला रोजचा चहा तिचा असायचा.

क्रम लावायचे प्रश्न तिला पटकन जमले. वंगभंग, चंपारणचा सत्याग्रह, रौलट कायदा, दांडी यात्रा असे चार दिले आणि कालानुक्रमे लावा म्हटलं, तर चारही सनावळ्या आठवत बसायची गरज नसते. सगळ्यात आधीची आणि सगळ्यात शेवटची तेवढी पक्की करायची. वंगभंग एकोणीसशे पाचचा, म्हणजे जो पर्याय दुसऱ्या कशानेही सुरू होतो तो गेला. दांडी तीसची, म्हणजे जो दांडीने संपत नाही तोही गेला. बहुतेक वेळा दोन पर्याय उरतात. मग फक्त चंपारण आधी की रौलट आधी, एवढंच बघायचं. सतरा आणि एकोणीस. झालं.

घोडं अडायचं ते विधान आणि कारणाच्या प्रश्नांत. वर एक विधान, खाली एक कारण. पर्याय एक, दोन्ही बरोबर आणि कारण हे विधानाचं योग्य स्पष्टीकरण आहे. दोन, दोन्ही बरोबर पण स्पष्टीकरण नाही. तीन, विधान बरोबर, कारण चूक. चार, विधान चूक, कारण बरोबर. तीन आणि चार गाळणं सोपं असतं, ज्याला सनावळ्या येतात त्याला खोटं वाक्य ओळखू येतं. भांडण असतं ते एक आणि दोन यांच्यात.

त्यासाठी माझे दोन नियम होते. पहिला, कारण विधानाच्या नंतर घडलेलं असेल तर एक नंबर गाळा. सत्तावनचा उठाव झाला, कारण राणीचा जाहीरनामा आला, असं कुणी लिहिलं तर जाहीरनामा अठ्ठावन्नचा आहे. नंतरची गोष्ट आधीच्या गोष्टीचं कारण होऊ शकत नाही. हा नियम कुणालाही नाकारता येणार नाही. दुसरा नियम असा की कारण आधी घडलंय, जवळच घडलंय आणि विषय एकच आहे, तर एक नंबर लावा आणि पुढे चला.

हा दुसरा नियम माझ्या स्वतःच्या डोक्यातला होता. तो दहातल्या सात वेळा चालायचा. उरलेल्या तीन वेळांबद्दल मी कुणाशी बोलायचे नाही.

तिला हा दुसरा नियम पटायचा नाही. एकदा मी तिला प्रश्न वाचून दाखवला. विधान, अठराशे चोपन्नमध्ये मुंबईत पहिली कापड गिरणी उभी राहिली. कारण, अठराशे त्रेपन्नमध्ये मुंबई ते ठाणे रेल्वे सुरू झाली. मी म्हटलं, "लाव नियम. आधी घडलंय, एका वर्षाचं अंतर, दोन्ही मुंबईतलं. एक नंबर."

तिने प्रश्न पुन्हा वाचला. मग म्हणाली, "ताई, रेल्वे ठाण्यापरतीच व्हती ना? ठाण्याला कुठं कापूस पिकतोय? गिरनीला त्या गाडीचा काय उपेग?"

मग तिने तिची रीत सांगितली. खाडीचं खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून त्यांच्याकडे बांध घालतात. "बांधातला कंचा दगड कामाचा ते कसा कलतंय? तो काढून बगायचा. पानी आत शिरला तर तो कामाचा. न्हाय शिरला तर तो नुसता बसलेला हाय. तसा कारन काढून बगायचा. रेल्वे काढली तरी गिरनी उभी ऱ्हातेच. मंग दोन नंबर."

उत्तर दोन नंबरच होतं. तिचं बरोबर होतं आणि ते मला लगेच कळलं होतं. पण मी घड्याळाकडे बघत होते. एका प्रश्नाला तिने दोन मिनिटं घालवली होती. शंभर प्रश्न, एक तास, म्हणजे एका प्रश्नाला छत्तीस सेकंद. शिवाय चार उत्तरं चुकली की एक गुण कापला जातो. सराव परीक्षांमध्ये तिचे शेवटचे पंधरा-वीस प्रश्न हात न लावता राहायचे, ते या दगड काढण्यापायी.

माझा स्वभाव तापट आहे. बधिर झाल्यावर सगळं गेलं, पण राग तेवढा शाबूत राहिला. मी तिला म्हटलं, "तुला परीक्षा पास व्हायचंय की बांध बांधायचाय? तिथे कुणी तुला 'का' असं विचारणार नाही. उत्तरपत्रिकेवरचा गोळा काळा केलास की नाही एवढंच बघणार." एका कागदावर दोन्ही नियम लिहून दिले आणि बजावलं, परीक्षेत हेच करायचं, दुसरं काही नाही. तिने कागद घडी घालून कंपासपेटीत ठेवला. म्हणाली, "बरं ताई."

तिच्यासाठी त्या परीक्षेवर काय अवलंबून होतं, ते मला तोपर्यंत नीट माहीत नव्हतं. ते कळलं परीक्षेच्या दिवशी सकाळी. केंद्र दोघींचंही कल्याणला आलं होतं. तिचे वडील गाडीने सोडायला आले. कोन गावाच्या पुढे कंटेनरची रांग लागली होती आणि आम्ही अर्धा तास एकाच जागी उभे होतो. त्या अर्ध्या तासात ते आरशात माझ्याकडे बघत बोलले.

"मॅडम, पोरीला मी शिकवली, अडवली न्हाय. पन अंबाडी गावचे पाव्हने लग्नासाठी दोन वर्सं थांबलेत. आमचा ठरलंय, पास झाली तं ती सांगल तवरीक थांबू. न्हाय झाली तं तारीख धरू. तुमीच सांगा, बरोबर हाय का न्हाय?"

माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर मला चिडता तरी आलं असतं. ती खिडकीबाहेर बघत होती. मी म्हटलं, "होईल ती पास." त्या वेळी मला स्वतःचं काय होणार याची काही पडलेली नव्हती. तिच्या पास होण्याची थोडी पडलेली होती. एवढीच त्या दिवशीची माझी भावना म्हणायची.

पेपर बरा होता. इतिहासाचा भाग मी पहिल्या दहा मिनिटांत उरकत आणला. त्यात एक विधान-कारणाचा प्रश्न होता. विधान, फेब्रुवारी एकोणीसशे बावीसमध्ये असहकार चळवळ मागे घेण्यात आली. कारण, नोव्हेंबर एकोणीसशे एकवीसमध्ये इंग्लंडच्या युवराजांच्या भेटीच्या वेळी मुंबईत दंगल झाली.

दोन्ही वाक्यं खरी. तीन आणि चार गेले. कारण आधीचं आहे, तीनच महिन्यांचं अंतर आहे, विषयही एकच, चळवळीत झालेली हिंसा. माझ्या नियमात इतकं चपखल बसणारं उदाहरण मला स्वतःलाही तयार करता आलं नसतं. पेनाचं टोक एक नंबरच्या गोळ्यावर टेकलं होतं.

आणि का कोण जाणे, मी तो दगड काढून बघितला. मुंबईची दंगल झालीच नाही असं धरलं, तर चळवळ चालू राहिली असती का? नसती. चौरीचौऱ्याची जाळपोळ तरीही झालीच असती. आणि दंगल झाली तेव्हा तरी चळवळ थांबली होती का? तीही नव्हती, पुढे तीन महिने चालली. थांबली ती चौरीचौऱ्यानंतर आठवडाभरात. तारखाच सांगत होत्या, मी फक्त त्यांच्यातलं अंतर मोजून गप्प बसत होते. मी दोन नंबर काळा केला. दहाएक सेकंद जास्त लागले असतील, आणखी काही नाही.

बाहेर आल्यावर आम्ही पेपरबद्दल बोललो नाही. अभ्यासिकेत तशी रीत होती. निकालापर्यंत कुणी कुणाचं उत्तर विचारायचं नाही. पूर्वी यावरून भांडणं झाली होती, एकाने दुसऱ्याची खुर्ची फेकली होती. उत्तरतालिका आली तेव्हाही जो तो आपापलं मोजत बसला. खाली चहावाल्याने विचारलं, "मॅडम, पेपर कैसा गया?" मी म्हटलं, "गया." तो हसला, त्याला वाटलं मी विनोद केला.

काही महिन्यांनी निकाल लागला. यादीत माझा नंबर होता. मी तीन वेळा बघितला. मग गुण बघितले, कट-ऑफच्या बरोबर अर्धा गुण वर. बाबांनी विचारलं, "लागला का?" मी म्हटलं, "लागला." ते उठून आत जायला लागले, कारण नेहमी एवढंच असायचं. मला मागून हाक मारून सांगावं लागलं की या वेळी मी पास झालेय. आईने देवापुढे साखर ठेवली. मी त्या साखरेकडे बघत उभी राहिले आणि आनंद होण्याची वाट बघितली. तो आला नाही. माणूस इतकी वर्षं ज्याची वाट बघतो ते आलं की दार उघडायला घरात कुणी नसावं, असं काहीतरी झालं होतं.

तिचा नंबर यादीत नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती अभ्यासिकेत आली, नेहमीच्याच वेळेला. खाली लूम चालू होते. माझ्यासमोर बसली, आधी मला पेढा दिला. "ताई, तुझा झाला, मना लय बरा वाटला." खरंच तिला बरं वाटलं होतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग म्हणाली, "माझा एक गुन कमी पडला."

तिने प्रश्नपत्रिका बाहेर काढली. ती आपल्यापाशीच राहते, उत्तरपत्रिकेची कार्बन प्रतही राहते. तिने पान उलटून असहकाराचा प्रश्न माझ्यासमोर धरला. शेजारी समासात पेनाने दोनचा आकडा काढून त्याभोवती गोल केला होता. तो गोल खोडला होता. त्याच्या बाजूला एक लिहिला होता.

"हा प्रश्न बरोबर आला असता तं निघाले असते," ती म्हणाली. "पयले मना दोनच वाटला. मंग तुझा नियम आठवला. आधी घडलंय, जवल घडलंय, विषय येकच. मी म्हटला, दगड काढीत बसले तं परत ताई वरडंल."

ती हसली. मी हिशेब केला, मला तो करायची सवय आहे. चुकल्याचा पाव गुण गेला, बरोबरचा एक मिळाला नाही. सव्वा गुण. ती पाव गुणाने निघाली असती. आणि माझं उलट झालं असतं, मी त्या गोळ्यावरून पेन उचललं नसतं तर पाऊण गुणाने राहिले असते.

"तू काय लावला, ताई?" तिने विचारलं.

माझी कार्बन प्रत टेबलावरच्या फाईलमध्ये होती, माझ्या कोपराखाली. मी म्हटलं, "एकच. माझंही चुकलं ते."

हे मी का बोलले? तिला लागू नये म्हणून, असं मी नंतर स्वतःला पुष्कळ दिवस सांगितलं. तेव्हा तसलं काही मनात नव्हतं. तोंडातून सरळ निघून गेलं, आणि खोटं बोलल्याचंही मला काही वाटलं नाही.

तिचा चेहरा मोकळा झाला. "मंग बरा," ती म्हणाली. "मना वाटला माझाच डोका चालला न्हाय. तुझा पन चुकला म्हंजे प्रश्नच बेकार होता. नियम बरोबर हाय."

मी मान हलवली. वडिलांनी तारीख धरली का, ते विचारलं. ती म्हणाली, काल संध्याकाळीच फोन झाला, तुळशीच्या लग्नानंतरची पहिली. तिने हे गाडीची वेळ सांगावी तसं सांगितलं. मग कंपासपेटी उघडली आणि माझ्या अक्षरातला तो घडीचा कागद काढला. घड्यांवर तो फाटायला आला होता. वहीचं एक कोरं पान फाडून ती त्यावर नियम नीट उतरवायला लागली.

"हे कशाला?" मी विचारलं.

"धाकटीला. ती पुढच्या वर्साला बसतेय, तिला अजून पाव्हने आले न्हाय." ती मान खाली घालून लिहीत होती. पहिला नियम लिहून झाला. "तिला आत्ताच सांगून ठेवलाय, ताईच्या नियमाच्या भाईर जायाचा न्हाय. माझ्यासारका दगड काढीत बसायचा न्हाय."

तिने दुसऱ्या नियमाचा आकडा टाकला आणि 'कारण आधी घडलं असेल' एवढं लिहिलं. तिचं अक्षर फार सुरेख होतं. मी ते बघत होते. इतकी वर्षं झाली, मला भीती अशी कशाची वाटली नव्हती. त्या अर्ध्या वाक्याची वाटली.

"थांब," मी म्हटलं. "ते नको लिहू."

ती थांबली. मी फाईलमधून कार्बन प्रत काढून तिच्यासमोर ठेवली आणि त्या प्रश्नावर बोट ठेवलं. तिथे दोन नंबर काळा होता.

"मी खोटं बोलले. मी दोन लावला होता. माझ्या नियमाने एकच येत होता. पण मी दगड काढून बघितला. तुझी रीत वापरली, तुला नको म्हणून सांगितलेली. म्हणून मी पास झाले."

तिने प्रत हातात घेतली. मग आपली प्रश्नपत्रिका तिच्याशेजारी ठेवली आणि दोन्हींवर आळीपाळीने नजर फिरवली. मी वाट बघत होते की ती आता उठेल, काहीतरी फेकेल, निदान ओरडेल. मला ते हवं होतं. मला माझ्यावर कुणीतरी ओरडायला हवं होतं.

ती ओरडली नाही. समासातल्या त्या खोडलेल्या दोनवरून तिने अंगठा फिरवला.

"म्हंजे मना येत व्हता," ती म्हणाली.

मी हो म्हटलं. मला रडू फुटलं, बऱ्याच वर्षांनी, नीट आवाज करून. शेजारच्या टेबलावरची मुलं वळून बघायला लागली. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि तेच परत, कुणाला तरी पटवून द्यावं तसं, हळू आवाजात म्हणाली, "ताई, मना येत व्हता."